कॉल आणि पुट: हक्क तुमचा, पण या चुका टाळा

ऑप्शनबद्दल सगळीकडे एक वाक्य ऐकू येतं: 'हक्क आहे, बंधन नाही.' नवीन लोक ते पाठ करतात आणि पहिल्याच महिन्यात अडकतात. वाक्य खोटं नाही. हक्क कोणाचा, कशाचा आणि कधीपर्यंत, हे कोणी विचारत नाही, तिथे घोळ होतो.

आधी एक साधं उदाहरण. गावाबाहेर एक प्लॉट आहे, भाव ३० लाख. तिथून रिंगरोड जाणार अशी कुजबूज तुमच्या कानावर आहे, पण खात्री नाही. तुम्ही मालकाला ४० हजार रुपये देता आणि लिहून घेता की दिवाळीला मी म्हटलं तर तू मला हा प्लॉट ३० लाखांतच द्यायचा. हे ४० हजार परत मिळणार नाहीत आणि किमतीतून वजाही होणार नाहीत. रोड मंजूर झाला आणि भाव ३६ लाखांवर गेला, तरी तुम्ही ३० लाखांतच घेता. कुजबूज खोटी निघाली आणि भाव २५ वर आला, तर तुम्ही घेत नाही. ४० हजार गेले, विषय संपला. हा कॉल. ३० लाख म्हणजे स्ट्राइक, ४० हजार म्हणजे प्रीमियम, दिवाळी म्हणजे एक्स्पायरी.

आता प्लॉट तुमचाच आहे असं समजा आणि भीती भाव पडण्याची आहे. तुम्ही एका बिल्डरला ४० हजार देता आणि लिहून घेता की दिवाळीला मी म्हटलं तर तू माझा प्लॉट ३० लाखांना घ्यायचा. भाव २५ वर आला तर तुम्ही त्याच्या गळ्यात प्लॉट घालता. ३६ वर गेला तर त्याच्याकडे फिरकतही नाही. हा पुट. कॉल घेणाऱ्याकडे खरेदीचा हक्क असतो, पुट घेणाऱ्याकडे विक्रीचा. दोन्हींत पैसे देणारा मोकळा असतो आणि पैसे घेणारा बांधलेला.

यावरूनच पहिली चूक कळते: 'पुट घेणं आणि कॉल विकणं एकच, दोन्हीत बाजार पडला की फायदा.' एकच कसं? कॉल विकणारा म्हणजे ४० हजार घेऊन बसलेला प्लॉटमालक. शिवाय बहुतेक वेळा त्याच्याकडे प्लॉटही नसतो. भाव ५० लाखांवर गेला तरी त्याला ३० लाखांतच द्यायचा आहे, म्हणजे बाजारातून ५० ला आणून. पुट घेणाऱ्याचं नुकसान प्रीमियमपुरतं असतं, कॉल विकणाऱ्याच्या नुकसानाला वरची मर्यादाच नसते. 'रोज थोडा प्रीमियम घरी येतो' म्हणून विकायला बसणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

दुसरी चूक मोठी आहे. तिच्यासाठीच हे लिहायला घेतलं.

'हक्क आहे, बंधन नाही' हे ऐकून लोकांना वाटतं की एक्स्पायरीला काहीच केलं नाही तर हक्क आपोआप विरून जाईल. आपल्या शेअर बाजारात तसं होत नाही. एक्स्पायरीच्या दिवशी बंद भावानुसार तुमचा ऑप्शन फायद्यात असेल, म्हणजे कॉलचा स्ट्राइक भावाच्या खाली किंवा पुटचा भावाच्या वर, तर तो आपोआप वापरला जातो. तुम्हाला कोणी विचारत नाही. त्यात २०१९च्या ऑक्टोबरपासून सगळ्या शेअरच्या ऑप्शनमध्ये खरोखर शेअर द्यावे-घ्यावे लागतात. निफ्टीसारख्या निर्देशांकात फक्त फरकाचे पैसे इकडून तिकडे होतात. म्हणून निफ्टीवर हात बसवून शेअरच्या ऑप्शनकडे वळलेला माणूसच इथे बरोबर सापडतो.

आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ असेच सापडले. एका शेअरचा ६०० चा पुट त्यांनी ६ रुपयांना घेतला. लॉट, म्हणजे एका सौद्यातले शेअर, १,००० चा, म्हणजे गुंतले ६,००० रुपये. शेअर त्यांच्याकडे एकही नव्हता, नुसता अंदाज होता की भाव पडेल. एक्स्पायरीला भाव ५९७ वर बंद झाला. पुटमध्ये जेमतेम ३ रुपये उरले होते. काका म्हणाले, "अर्धे तर गेलेच, आता विकून काय मिळणार? राहू दे. हक्क माझा आहे, नाही वापरत." चार दिवसांपासून मार्जिन, म्हणजे खात्यात हमी म्हणून ठेवायची रक्कम, वाढत असल्याचे मेसेज येत होते, तेही त्यांनी वाचले नाहीत. खात्यात पैसे भरपूर पडून होते, त्यामुळे ब्रोकरनेही सौदा स्वतःहून कापला नाही.

हक्क वापरला गेला. त्याचा अर्थ असा की काकांनी ६०० च्या भावाने १,००० शेअर विकले आणि आता ते द्यायचे होते. डिमॅटमध्ये शेअर नाहीत, तेव्हा ऑक्शन झालं, म्हणजे ते शेअर काकांच्या खर्चाने दुसऱ्यांकडून आणले गेले. दरम्यान कंपनीची चांगली बातमी आली आणि ऑक्शनमध्ये शेअर ६२१ ला मिळाले. प्रत्येक शेअरमागे २१ रुपये, म्हणजे २१,००० गेले. आधीचे ६,००० वेगळे आणि वरचे चार्जेस वेगळे. 'नुकसान प्रीमियमपुरतंच' हे ज्या भरवशावर ते धरून होते, तो भरवसा एक्स्पायरीच्या बंद भावाला संपला होता. कॉल असता तर उलटं झालं असतं: ६,००० रुपयांच्या सौद्यावर सहा लाख रुपये भरून शेअर घ्यावे लागले असते.

उपाय कंटाळवाणा आहे. शेअरचा ऑप्शन मी एक्स्पायरीच्या आठवड्यात ठेवतच नाही. एनएसईवर शेअरची मासिक एक्स्पायरी आता महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी असते, आणि त्याच्या आधीच्या बुधवारपर्यंत माझा सौदा निघालेला असतो, नफा असो की तोटा. 'शेवटच्या दिवशी अजून थोडं खेचू' म्हणणाऱ्यांनी खुशाल खेचावं, फक्त लॉट गुणिले स्ट्राइक एवढी रक्कम खात्यात आहे ना, किंवा पुट असेल तर तेवढे शेअर डिमॅटमध्ये आहेत ना, हे आधी बघावं.

यातच आणखी एक गैरसमज दडलेला असतो. कॉल फायद्यात गेला की लोक विचारतात, "आता हक्क कसा वापरायचा, बटण कुठे आहे?" बटण नसतं. आपल्याकडे हक्क फक्त एक्स्पायरीलाच वापरला जातो; कॉलला CE आणि पुटला PE लिहितात, त्यातला E त्याचाच, युरोपियन पद्धतीचा. त्याआधी बाहेर पडायचं तर तोच ऑप्शन बाजारात विकायचा, आणि बहुतेक लोक तेच करतात. मात्र फारशी खरेदी-विक्रीच होत नसलेला लांबचा स्ट्राइक घेतला असेल, तर विकायला गेल्यावर गिऱ्हाईक मिळत नाही. घेण्याआधी घेणाऱ्याची बोली आणि विकणारा मागतो तो भाव यांतलं अंतर बघा. ५ ला घेतलेला ऑप्शन लगेच विकायचा तर साडेतीनच मिळत असतील, तर हात लावू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. ६०० चा कॉल ६ रुपयांना घेतला, तर एक्स्पायरीला भाव ६०१ झाल्याने फायदा होत नाही, ६०६ च्या वर गेला तरच होतो. दोन रुपयांचा ऑप्शन 'स्वस्त' नसतो. बाजाराच्या मते तो बहुधा शून्य होणार असतो, म्हणून दोन रुपयांना मिळतो. भाव जागचा हलला नाही तरी प्रीमियम रोज झिजतो, तेव्हा "भाव तर तेवढाच आहे, मग माझे पैसे कुठे गेले?" हा प्रश्न मला कृपया संध्याकाळी फोन करून विचारू नका. आणि ऑर्डर टाकताना CE च्या जागी PE दाबलं गेलं, तर 'बघू काय होतं' म्हणत बसू नका. तिथल्या तिथे काढा.