थाळीभर पाण्यात क्रांतिक कोन कसा मोजावा

पाण्यातून किंवा काचेतून हवेकडे निघालेला किरण ज्या कोनापुढे बाहेर पडूच शकत नाही, तो क्रांतिक कोन. शाळेत तो मोजायचा म्हणजे अर्धगोल काच, टाचण्या, कोनमापक आणि बराच धीर लागतो. घरी याहून सोपी रीत आहे. तिला कोनमापक लागतच नाही. लागते ती पांढऱ्या, सपाट तळाची थाळी, सुमारे दोन सेंटीमीटर खोल पाणी, लेसर पॉइंटर आणि एक पट्टी. पाण्याखाली उमटणाऱ्या एका काळसर वर्तुळाचा व्यास मोजायचा, की कोन हाती येतो.

थाळी चिनी मातीची असली तर उत्तम. पांढरा प्लॅस्टिकचा टब चालतो, पण पातळ प्लॅस्टिकमध्ये उजेड आत झिरपतो आणि ठिपका पसरट दिसतो. तळ सपाट हवा आणि रुंदी १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त हवी, म्हणजे कडांवरून उलटणारा उजेड वर्तुळात मिसळणार नाही. थाळी टेबलावर ठेवा आणि पाणी साधारण १८ ते २० मिलिमीटर खोल भरा. एक स्टीलची पट्टी पाण्याखाली तळावर आडवी ठेवा. पट्टी पाण्याच्या वर धरून मोजू नका, कारण मग डोळा जरा इकडेतिकडे झाला तरी आकडा बदलतो.

खोली काळोखी करा. पाणी पूर्ण थांबू द्या, अगदी पंखाही बंद. मग पट्टीच्या कडेला लागून असलेल्या पांढऱ्या तळावर लेसरचा ठिपका पाडा. लेसर ५ मिलिवॉटपेक्षा कमी ताकदीचा असावा आणि किंचित तिरका धरावा, म्हणजे पाण्यावरून उलटणारा किरण कुणाच्याही डोळ्यात न जाता भिंतीवर जाईल. लेसर किती तिरका आहे याचा मापनावर काहीच परिणाम होत नाही. कारण आपल्याला लेसरचा किरण नकोच आहे, हवा आहे तो तळावरच्या ठिपक्यातून सगळीकडे विखुरणारा उजेड.

आता ठिपक्याभोवती पाहा. मध्ये झगमगीत बिंदू, त्याभोवती काळसर चकती, आणि चकतीच्या बाहेर अचानक सुरू होणारे उजळ कडे. ही कड इतकी रेखीव असते की पहिल्यांदा पाहणारा हमखास चकित होतो.

कड तयार होते ती अशी. ठिपक्यातून निघालेले किरण वर पाण्याच्या पृष्ठभागाकडे जातात. पृष्ठभागावर उभी काढलेली रेषा म्हणजे स्तंभिका. जो किरण स्तंभिकेच्या जवळून येतो तो बहुतांश हवेत निघून जातो, जेमतेम दोन टक्के परत फिरतो. किरण जसजसा अधिक तिरका येतो तसतसा बाहेर पडलेला किरण आणखी आडवा होतो, आणि एका ठरावीक कोनाला तो पृष्ठभागाला घासूनच जातो. तोच क्रांतिक कोन. त्याच्या पुढे किरणाला बाहेरची वाट नसते, सगळा उजेड आरशासारखा खाली परततो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन. परतलेला उजेड पांढऱ्या तळावर पडून उजळ कडे दिसते. आतल्या चकतीच्या वाट्याला मात्र ते उरलेसुरले दोनचार टक्केच येतात, म्हणून ती काळसर.

आता हिशोब. पाण्याची खोली h धरा. कडेवरचा किरण h इतका वर गेला आणि h इतका खाली आला, म्हणजे तो ठिपक्यापासून २h गुणिले कोनाचा टॅन इतका लांब पडला. ही झाली वर्तुळाची त्रिज्या. व्यास त्याच्या दुप्पट, म्हणून

tan C = D / 4h

इथे D हा काळसर चकतीचा व्यास आणि C हा क्रांतिक कोन. अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ उजेडाला किती वळवतो याचा आकडा, हवा असेल तर तो 1 / sin C.

समजा पाणी १८ मिलिमीटर खोल आहे आणि चकतीचा व्यास ८२ मिलिमीटर भरला. ८२ भागिले ७२ म्हणजे १.१३९. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर याचा उलटा टॅन घेतला की ४८.७ अंश येतात. त्यावरून अपवर्तनांक १.३३. पुस्तकात पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि क्रांतिक कोन ४८.६ अंश दिलेला असतो. एका थाळीत इतके जवळचे उत्तर मिळते.

उत्तर चुकले तर आधी खोलीवर संशय घ्या, व्यासावर नंतर. वरच्याच मापनात खोली चुकून १९ मिलिमीटर धरली तर कोन ४७.२ अंश येतो आणि अपवर्तनांक १.३६. एका मिलिमीटरने एवढा घोळ. पट्टी पाण्यात उभी धरली की पाणी तिच्या अंगाला चिकटून वर चढते आणि खोली जास्त वाटते, म्हणून खालून, पाण्याच्या सपाट पातळीच्या रेषेत वाचा. शिवाय पुष्कळ पट्ट्यांवर शून्याच्या आधी थोडी मोकळी जागा असते, ती मोजून मिळवा. वर्तुळ लंबगोल दिसले तर थाळी कलती आहे किंवा तळ फुगीर आहे. कड थरथरत असेल तर पाणी अजून थांबलेले नाही.

याच प्रयोगात साध्या पाण्याऐवजी साखरेचा पाक घालून पाहा. निम्मी साखर, निम्मे पाणी, वजनाने. पाक गाळून, थंड करून तेवढ्याच खोलीचा भरा. त्याचा अपवर्तनांक १.४२ च्या आसपास असतो, त्यामुळे ८२ मिलिमीटरची चकती आक्रसून ७१ वर येते. साखर वाढली की क्रांतिक कोन घटतो. नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार खिशात बाळगतात तो रिफ्रॅक्टोमीटरही साखरेनुसार क्रांतिक कोन बदलतो यावरच चालतो. मण्याच्या रसाचा थेंब एका लहानशा काचेच्या लोलकावर टाकायचा, झाकण मिटायचे आणि उजेडाकडे धरून पाहायचे. रसातून लोलकात शिरणारा उजेड क्रांतिक कोनापलीकडे वळूच शकत नाही, म्हणून आत निळा भाग आणि पांढरा भाग यांच्यामध्ये एक रेघ दिसते. आपल्या थाळीतली कड आणि ही रेघ एकच. फरक इतकाच की तिथे मिलिमीटरऐवजी थेट ब्रिक्सचे, म्हणजे साखरेच्या टक्क्यांचे, आकडे छापलेले असतात. रस गरम असेल तर तो थंड होऊ द्यावा, कारण गरम द्रवाचा अपवर्तनांक कमी भरतो आणि साखर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

काचेवर करायचे असेल तर टीपॉयची जाड काच घ्या. खाली पांढरा कागद ठेवून वरून ठिपका पाडला तर कडे दिसणार नाही, आणि इथेच बहुतेक जण प्रयोग फसला म्हणून सोडून देतात. कागद काढा, पाण्याने ओला करा, बुडबुडे न राहता काचेला खालून चिकटवा. कडे लगेच उमटते. १२ मिलिमीटर काचेला चकतीचा व्यास सुमारे ४२ मिलिमीटर आणि कोन ४१ अंशांच्या जवळ येतो. कोरडा कागद आणि काच यांच्यामध्ये हवेचा पातळ थर असतो. हवेतून काचेत शिरणारा किरण कितीही आडवा आला तरी आत ४१ अंशांपेक्षा जास्त तिरका होत नाही, मग वरच्या पृष्ठभागावर पूर्ण परावर्तन होणार कसे? पाण्याने तो हवेचा थर बुजतो आणि अधिक तिरक्या किरणांना आत येण्याची वाट मिळते.

म्हणजे काचेला काय चिकटले आहे यावर सगळे ठरते, आणि ऑप्टिकल फायबरची सगळी अडचण नेमकी इथेच होती. काचेच्या पेल्यात पाणी भरा, पेला हातात धरा आणि वरून पाण्यातून त्याच्या भिंतीकडे पाहा. भिंत चंदेरी दिसेल, बाहेरची बोटे दिसणारच नाहीत. आता बोट ओले करून घट्ट दाबा. त्या चंदेरी भिंतीवर ठशाच्या रेषा उमटतील. जिथे कातडी टेकली तिथे उजेड निसटला. उघड्या काचतंतूचेही असेच होते. धूळ, ओल, शेजारचा तंतू, जे टेकेल तिथून प्रकाश गळतो.

१९५४ मध्ये मूळचे पंजाबातले नरिंदर सिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवले. त्याच वर्षी हॉलंडचे व्हान हील यांनी तंतूवर कमी अपवर्तनांकाचे आवरण चढवण्याचा उपाय मांडला. या आवरणाला क्लॅडिंग म्हणतात. परावर्तन गाभा आणि क्लॅडिंग यांच्या सीमेवर, म्हणजे काचेच्या पोटातच होते. बाहेरून काहीही टेको, प्रकाशाला त्याचा पत्ताच नसतो.

या सोयीची किंमत कोनात मोजावी लागते. दूरसंचाराच्या तंतूत गाभ्याचा अपवर्तनांक साधारण १.४६८ आणि क्लॅडिंगचा १.४६३ असतो. दोन्हींचे गुणोत्तर काढून उलटा साइन घ्या, क्रांतिक कोन ८५ अंशांच्या थोडा वर येतो. म्हणजे किरणाने तंतूच्या लांबीशी जेमतेम पाच अंशांच्या आत राहिले पाहिजे. (घराघरांत येणाऱ्या तंतूचा गाभा फक्त ९ मायक्रोमीटर जाडीचा असतो. इतक्या बारीक जागेत प्रकाश तरंगासारखा वागतो आणि किरणांचे चित्र ढोबळच उरते, पण वाकवण्याचा धोका समजायला ते पुरते.)

तंतू वाकला की बाहेरच्या बाजूला किरण सीमेवर अधिक उभा आदळतो. हाताशी पाचच अंश असताना तेवढ्याने तो क्रांतिक कोनाच्या आत सरकतो आणि निसटतो. म्हणून जुन्या पद्धतीच्या तंतूची घडी ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा लहान करू नये. घरांसाठीचे नवे तंतू १० मिलिमीटरपर्यंत सहन करतात. राउटरजवळच्या पिवळ्या वायरला दाराच्या फटीत किंवा कपाटामागे तीक्ष्ण घडी पडली आणि डब्यावर संदेश तुटल्याचे सांगणारा LOS चा लाल दिवा लागला, तर आधी ती घडी सैल करून पाहा.

फायबर जोडणारे लोक तंतूच्या टोकात लाल उजेडाचा पेन लावतात आणि कुठे चमक बाहेर येते ते शोधतात. तुटलेली जागा त्याने पटकन सापडते. पण वाकल्यामुळे होणारी गळती तरंगलांबीबरोबर वाढते. लाल उजेड ६५० नॅनोमीटरचा, आणि तुमच्याकडे येणारा संदेश बहुधा १४९० चा. त्यामुळे एखाद्या घडीवर लाल चमक दिसली नाही तरी तिथे संदेश गळत असू शकतो. संदेशाचा हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून निघालेल्या वायरच्या टोकात उजेड आहे का हे कधीही वाकून पाहू नका.