चिडून लिहिलेल्या चॅटमधून शांत ईमेल: आपल्या कामाची नोंद कशी करावी

आपण केलेले काम बैठकीत दुसऱ्याच्या नावावर सांगितले गेले की बहुतेक जण त्याच संध्याकाळी जवळच्या मित्राला किंवा मैत्रिणीला भरभरून लिहितात. तो मजकूर वरिष्ठांना पाठवण्याजोगा नसतो, परंतु तो फेकून देण्याजोगाही नसतो. घडलेले सगळे त्यात ताजे असते आणि शांत ईमेलचा कच्चा माल तिथेच मिळतो. तो माल निवडून कसा घ्यायचा हे समजण्यासाठी एक प्रसंग धरून चालू.

समजा, एका मध्यम आकाराच्या कारखान्याच्या लेखा विभागात काम करणाऱ्या एका बाईंनी खरेदी नोंदवही आणि जीएसटीआर-२बी यांची जुळणी करणारी एक्सेल शीट तयार केली. पुरवठादारांनी भरलेल्या बिलांचे हे विवरण दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर येते, आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-३बीची मुदत सर्वसाधारणपणे २० तारखेची असते. मधल्या मोजक्या दिवसांत प्रत्येक बिल जुळवायचे असते. अडचण अशी, की तेच बिल नोंदवहीत ‘००४५’ आणि विवरणात ‘४५’ असे असले, तर साध्या सूत्राला ती दोन वेगळी बिले वाटतात. बाईंच्या शीटने ही अडचण सोडवली आणि तीन दिवसांचे काम अर्ध्या दिवसावर आले. २४ सप्टेंबरच्या आढावा बैठकीत खरेदी विभागातील सहकाऱ्याने ती शीट स्वतःची म्हणून मांडली. रात्री बाईंनी मैत्रिणीला लिहिले:

“अगं, आज मीटिंगमध्ये तो सरळ म्हणाला, मी शीट बनवली. माझी शीट! तीन रात्री जागून बनवलीय मी. त्याने फक्त सप्लायरची यादी दिली होती. सर पण लगेच व्हेरी गुड म्हणाले. नेहमीच असं करतो तो, मुद्दाम माझ्याकडे बघितलंही नाही. जाऊ दे, पुढच्या महिन्यात बघतेच कोण जुळवतं ते.”

आधी वाक्ये वेगळी करा

हा मजकूर एका कोऱ्या फाइलमध्ये उतरवून घ्या. ईमेलच्या खिडकीत लिहायला बसू नका, आणि बसलातच तर प्राप्तकर्त्याची जागा रिकामी ठेवा, कारण अशा रात्री चुकून पाठवलेला मसुदा परत घेता येईल याची खात्री नसते. मग प्रत्येक वाक्यासमोर एकच प्रश्न लिहा: हे मला कागदावर दाखवता येईल का?

“नेहमीच असं करतो” आणि “मुद्दाम बघितलं नाही” ही वाक्ये या प्रश्नापुढे टिकत नाहीत. ते आपले अनुमान आहे, आणि ते बरोबर असले तरी ईमेलमध्ये सिद्ध करता येत नाही. “तीन रात्री जागून” हे खरे आहे, पण त्याची नोंद कुठेही नाही, त्यामुळे त्याऐवजी शीट कधी तयार झाली आणि ती काय करते हे सांगावे. “माझी शीट” या दोन शब्दांत मुख्य तथ्य आहे, परंतु त्याला तारीख आणि तपशील हवा. “त्याने फक्त सप्लायरची यादी दिली होती” हे वाक्य विशेष मोलाचे आहे. त्यातला “फक्त” काढून टाकला, की सहकाऱ्याचे खरे योगदान तेवढेच आणि नेमके उरते, आणि ते ईमेलमध्ये प्रामाणिकपणे लिहिल्याने आपल्या योगदानाची सीमाही आपोआप आखली जाते.

बैठकीत तो काय म्हणाला, हे वाक्य मात्र सर्वांनी ऐकलेले असूनही गाळावे. ते लिहिले की ईमेल तक्रार बनतो आणि सरांना न्यायनिवाडा करायला बसवतो. सरांच्या “व्हेरी गुड”चेही तसेच आहे, कारण त्याचा उल्लेख म्हणजे त्यांची चूक दाखवणे.

राहिले शेवटचे वाक्य, सगळ्यांत रागाचे. पुढच्या महिन्याची जुळणी कोण करणार, हा प्रश्न त्यात दडलेला आहे आणि ईमेल लिहिण्याचे खरे निमित्त तोच आहे. केवळ “ते मी केले होते” एवढे सांगण्यासाठी पाठवलेला ईमेल कितीही सौम्य असला तरी गाऱ्हाणे वाटतो. पुढच्या कामाविषयीच्या ईमेलमध्ये मात्र शीट कोणी आणि कशी तयार केली हे सांगणे गरजेचेच असते, कारण ती बिघडली तर कोणाला विचारायचे हे सरांना माहीत असायला हवे.

पुरावा जमवताना

बाईंनी १६ सप्टेंबरला शीट त्या सहकाऱ्याला तपासण्यासाठी पाठवली होती, आणि सरांना त्या ईमेलवर घेतले नव्हते. गैरसमजाला जागा तिथेच झाली, पण उपायही तोच ईमेल आहे. तारीख, वेळ, प्राप्तकर्ता आणि जोडलेली फाइल त्यावर एकत्र असतात. एक्सेलमध्ये `File` आणि मग `Info` उघडल्यास `Author` आणि `Last Modified By` ही नावे दिसतात, परंतु त्यांच्यावर फार विसंबू नये. जुन्या फाइलची प्रत काढून त्यावर नवे काम केले असेल, तर `Author` म्हणून पहिल्या फाइलवाल्याचेच नाव राहते. शीट वनड्राइव्हसारख्या सामायिक ऑनलाइन ड्राइव्हवर असेल तर `Version History` पाहावी. आपल्यासाठी ती उपयोगी आहे, पण तिचे स्क्रीनशॉट सरांना पाठवू नयेत, कारण स्क्रीनशॉट दिसताच वाचणाऱ्याला खटला चालू झाल्यासारखे वाटते. पुराव्याच्या नावाखाली कार्यालयाच्या फाइली स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवणेही टाळावे. अनेक ठिकाणी तो नियमभंग ठरतो आणि मूळ विषय बाजूला पडतो.

पहिला मसुदा कुठे चुकतो

बाईंचा पहिला प्रयत्न असा होता: “सर, आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छिते की कालच्या बैठकीत सादर झालेली शीट खरे तर मीच तयार केली होती आणि याची आपल्याला कल्पना असावी असे वाटते.” यात एकही अपशब्द नाही, तरीही वाक्य भांडायला उभे आहे. “मीच” मधला “च” दुसऱ्या कोणाला तरी खोडून काढतो. “खरे तर” म्हटले की कोणीतरी खोटे बोलले हे ओघाने आले. “निदर्शनास आणून देणे” ही कार्यालयीन मराठीत तक्रारीची भाषा आहे. हे तीनही काढा आणि “शीट मी तयार केली” एवढेच ठेवा, मग वाक्य नुसती नोंद होते.

याच्या उलट चूकही तितकीच होते. नम्र दिसावे म्हणून लोक “शीट तयार करण्यात आली” असे लिहितात. सरकारी पत्रांतून अंगवळणी पडलेल्या या रचनेत कर्ता नाहीसा होतो, आणि इथे तर कर्ता नोंदवण्यासाठीच सारा खटाटोप आहे. एकट्याने केलेल्या कामाला “आम्ही” म्हणणेही तसेच घातक आहे. कार्यालयाचा पत्रव्यवहार इंग्रजीत असला तरी मसुदा आधी मराठीत करून पाहावा, कारण आपल्या भाषेतला “च” आपल्याला लवकर टोचतो.

रात्रभर थांबून दुसऱ्या दिवशी बाईंनी पाठवलेला ईमेल असा झाला:

> विषय: जीएसटीआर-२बी जुळणी: शीटची सद्यःस्थिती आणि ऑक्टोबरचे काम
>
> आदरणीय सर,
>
> काल, २४ सप्टेंबरच्या आढावा बैठकीत ठरल्याप्रमाणे यापुढे दर महिन्याची जुळणी नव्या शीटवर करायची आहे. त्यासाठी आवश्यक माहिती देत आहे.
>
> ही शीट मी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तयार केली आणि १६ सप्टेंबरला तपासणीसाठी खरेदी विभागाकडे पाठवली (तो ईमेल सोबत जोडला आहे). बिल क्रमांकातील सुरुवातीची शून्ये आणि चिन्हे काढून, पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक आणि रक्कम यांवर जुळणी करण्याची सूत्रे मी लिहिली आहेत. पुरवठादारांची अद्ययावत यादी खरेदी विभागातील सहकाऱ्यांनी दिली, तिच्यामुळे जुने जीएसटी क्रमांक दुरुस्त करता आले.
>
> एक मर्यादा अजून बाकी आहे. क्रेडिट नोटांची जुळणी ही शीट करत नाही. ती सोय मी १० ऑक्टोबरपर्यंत करू शकेन. १४ ऑक्टोबरला नवे विवरण आल्यावर जुळणी मी करावी आणि खरेदी विभागाने फरकांची पडताळणी करावी, असे सुचवते. आपली संमती कळवावी.
>
> कळावे,
> आपली विश्वासू

शीटची मर्यादा बाईंनी आपणहून सांगितली आहे, याकडे लक्ष द्यावे. ज्याने सूत्रे लिहिली त्यालाच ती कुठे अपुरी पडतात हे माहीत असते, त्यामुळे “मी केले” या विधानापेक्षा तो परिच्छेद अधिक पटतो. शेवटी एक उत्तर मागितले आहे, म्हणून सरांची संमती आली की तीही नोंदीचा भाग होते.

पाठवण्याआधी आणि नंतर

बैठकीचे इतिवृत्त ईमेलने आले असेल तर त्यालाच उत्तर म्हणून हा मजकूर पाठवावा, म्हणजे पुढे कोणी ते इतिवृत्त उघडले तर आपली नोंद शेजारीच सापडते. एक रात्र थांबणे योग्य आहे, पण आठवडा थांबू नये, कारण तोवर इतिवृत्त कायम होऊन जाते. सहकाऱ्याला `Cc` मध्ये उघडपणे ठेवावे. कोणालाही `Bcc` मध्ये ठेवू नये, कारण त्या व्यक्तीने सर्वांना उत्तर पाठवले तर लपवाछपवी उघडी पडते. नंतर मजकूर एकदा त्या सहकाऱ्याच्या नजरेने वाचावा. त्याला “हे खोटे आहे” असे म्हणता येईल असे एकही वाक्य सापडले नाही, तर मसुदा तयार आहे.

उत्तर म्हणून सरांचे “छान, हे सगळ्यांचेच यश आहे” एवढेच आले तर पुन्हा खुलासा करू नये. नोंद झालेली आहे. सहकाऱ्याने काही आक्षेप घेतला तर फक्त तथ्याच्या चुकीला उत्तर द्यावे, तेही एका वाक्यात. असे वारंवार घडत असेल तर ईमेल अपुरा पडतो, आणि तेव्हा सरांची वेळ घेऊन समोरासमोर बोलावे. मात्र त्या भेटीला जातानाही तारखांनिशी लिहिलेले असे दोन-तीन ईमेल हाताशी असावेत. ते एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत, आणि वार्षिक मूल्यमापनाचा अर्ज आला की “ही शीट मी” पासून “सूत्रे मी लिहिली आहेत” पर्यंतची वाक्ये जशीच्या तशी तिथे उतरवावीत.