पाइप-फिटिंगच्या दुकानात मालाला कोड कसे द्यावेत

तासगावच्या आमच्या दुकानात शेतीच्या पाइपलाइनचं सामान विकलं जातं. मागच्या ३१ मार्चच्या मोजणीत ६३ एमएमचे सहा किलो दाबाचे एल्बो वहीप्रमाणे ८६ हवे होते, निघाले ७२. त्याच मापाचे चार किलो दाबाचे ५२ हवे होते, निघाले ६६. एकीकडे १४ कमी, दुसरीकडे बरोबर १४ जास्त. असा जोडीचा फरक दिसला की समजावं, चोरी झालेली नाही. माल जड दिला गेला आणि बिल हलक्याचं झालं. नगामागे भावातला फरक ११ रुपये धरला तरी एका मापात १५४ रुपये गेले, आणि दुकानात अशी मापं शेकड्यांनी आहेत.

चूक मुलांची नव्हती. गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, दोन इंची एल्बो द्या दहा." शेतीच्या पाइपात दोन इंची म्हणजे ६३ एमएम. घरच्या प्लंबिंगच्या पाइपात मात्र दोन इंचीचा बाहेरचा व्यास ६०.३ एमएम असतो. दोघांचं नाव एक, पण एकाचं फिटिंग दुसऱ्यावर नीट बसत नाही. त्यात दाबाचे चार, सहा आणि दहा किलो असे प्रकार, वर दोन-तीन कंपन्या. एवढं सगळं "दोन इंची एल्बो" या तीन शब्दांत मावत नाही. कोड हवा तो यासाठी.

आधी फरक ठरवा, मग अक्षरं

कागद घेऊन रॅकसमोर उभे राहा आणि एकच विचारा: कुठल्या गोष्टीत चूक झाली तर माल परत येतो किंवा पैसे जातात? आमच्याकडे चारच निघाल्या: वस्तू, माप, दाब, कंपनी. कोडमध्ये तेवढंच घातलं.

वस्तूला दोन अक्षरं दिली: एल्बोला EL, टीला TE, कपलरला CP, बॉल व्हॉल्व्हला BV. माप नेहमी एमएममध्ये आणि तीन आकडी, म्हणजे ०६३, ०७५, ०९०, ११०. इंच कोडमध्ये येऊच दिले नाहीत. दाबाला आकडा न देता अक्षर दिलं: हलका चार किलो H, मध्यम सहा किलो M, जड दहा किलो J. मधे अक्षर आल्यामुळे माप आणि कंपनीचा आकडा एकमेकांना चिकटत नाहीत. शेवटी कंपनीचा आकडा. ६३ एमएम, सहा किलो, पहिल्या कंपनीचा एल्बो झाला EL063M1. रिड्यूसरला दोन मापं लागतात, त्याचा कोड लांब झाला तरी चालेल: ९० वरून ६३ म्हणजे RD090063M1.

अक्षरांत O आणि I वापरू नका, ते शून्य आणि एकसारखे दिसतात. आकडे एकेक करून बोलायची सवय लावा: "ई-एल, शून्य सहा तीन, एम, एक." गडबडीत "पंचाहत्तर" आणि "पंच्याऐंशी" एकसारखे ऐकू येतात, "सात पाच" तसं होत नाही.

भाव, रॅक नंबर आणि पुरवठादार मात्र कोडमध्ये घालू नका. भाव बदलतो, रॅक हलवला जातो, आणि मग कोडच खोटा ठरतो. काही जण एचएसएन नंबरच कोड म्हणून वापरू पाहतात. पण ३९१७ हा प्लास्टिकच्या पाइप आणि फिटिंगचा सामाईक नंबर आहे. एल्बो काय आणि टी काय, सगळे त्यातच. तो कराच्या रकान्यात शोभतो.

यादी करताना

एक्सेलमध्ये वस्तू, माप, दाब आणि कंपनी असे चार रकाने करा आणि कोड सूत्राने जोडून घ्या. हाताने टाइप केला की चुका तिथूनच सुरू होतात. रिड्यूसरचे कोड तेवढे वेगळ्या पानावर करा.

```
=A2&TEXT(B2,"000")&C2&D2
=COUNTIF(E:E,E2)
```

पहिलं सूत्र E रकान्यात कोड बनवतं. दुसरं F रकान्यात टाका, तिथे १ पेक्षा मोठा आकडा आला तर तोच कोड दोनदा गेला आहे. कोडची सुरुवात अक्षराने ठेवण्याचं कारणही एक्सेलच आहे. नुसता ०६३ टाइप केला तर पुढचं शून्य गळतं. मात्र अक्षराने सुरू होणारा असला तरी DEC25 सारखा, महिन्याच्या नावाचा कोड तारीख होऊन बसतो, तो टाळा. टॅलीमध्ये हा कोड त्या मालाच्या नावाखालच्या alias मध्ये टाका. मग बिल करताना EL063 एवढं टाइप केलं की तेवढीच मापं समोर येतात.

प्रत्येक कोडसमोर एकक लिहाच. लॅटरल मीटरवर की बंडलवर, पाइप नगावर, कपलर नगावर की पिशवीवर? आमच्याकडे एकदा २५ नगांच्या ४ पिशव्या "४" म्हणून मोजल्या गेल्या आणि ९६ कपलर कागदावर गायब झाले. एखादा माल बंद झाला तर त्याचा कोडही बंद करा. तो दुसऱ्या मालाला दिला तर जुनी बिलं चुकीचं बोलू लागतात.

लेबल कुठे आणि कसं

सुट्या फिटिंगवर नगानगाला लेबल लावत बसू नका. हात जिथे जातो तिथे, म्हणजे खोक्याच्या किंवा कप्प्याच्या तोंडावर लावा. आम्ही ५० बाय २५ एमएमचं लेबल घेतलं. वर कोड सगळ्यात मोठा, खाली मराठीत "एल्बो ६३, सहा किलो", आणि कोपऱ्यात एकक. दोन हात लांबून कोड वाचता आला नाही तर अक्षर वाढवा. H, M, J ला वेगवेगळ्या रंगाची पट्टी दिली, तेव्हापासून मुलं वाचण्याआधीच थबकतात.

साधं थर्मल लेबल उन्हाने आणि उष्णतेने खराब होतं, आणि सॉल्व्हंट सिमेंटचा हात लागला तर छपाई जाते. आमच्या काउंटरवर सिमेंटचे डबे कायम उघडे, म्हणून रिबनने छापणारा प्रिंटर घेतला. बारकोड हवा असेल तर कोड १२८ प्रकार निवडा, त्यात अक्षरं आणि आकडे दोन्ही बसतात. फक्त दुकानात वापरायच्या बारकोडला कुठे नोंदणी लागत नाही. बंद पाकिटावर लेबल लावताना छापील एमआरपी आणि तारीख झाकू नका.

काउंटरवर सगळ्या कोडचा तक्ता टांगा, आणि त्यात गिऱ्हाइकाच्या तोंडचं नावही लिहा: दोन इंची म्हणजे ०६३, अडीच इंची म्हणजे ०७५, तीन इंची ०९०, चार इंची ११०. मुलाने माल काढला की चिठ्ठीवर खोक्यावरचा कोड उतरवायचा, आठवणीतला नाही. बिल त्या चिठ्ठीवरूनच.

सुरुवात एका रॅकपासून

सगळं दुकान एकदम घेऊ नका. आम्ही पावसाळ्यात पाइपची विक्री मंद असताना फक्त एल्बोचा रॅक घेतला. मोजणीला दोघे: एक कोड वाचून नग बोलणार, दुसरा लिहिणार. लिहिणाऱ्याच्या कागदावर वहीतला शिल्लक आकडा छापायचा नाही, नाहीतर मोजणारा नकळत त्याच आकड्यावर येऊन थांबतो. दर शनिवारी त्या रॅकचे दहा कोड मोजले. पहिल्या दोन आठवड्यांत H आणि M मध्ये तसाच जोडीचा फरक निघाला. शोधलं तर दोन्ही खोकी शेजारी होती आणि उरलेला माल परत टाकताना अदलाबदल होत होती. मधे टीचं खोकं ठेवलं. त्यानंतरच्या शनिवारी दहाही कोड जुळले, मग कपलरचा रॅक घेतला.