प्रौढ साक्षरता वर्गासाठी प्रश्न कसे काढावेत: पाण्याच्या एका सूचनेवरून

नाशिकमध्ये प्रौढांच्या वर्गाला मजकूर शोधत फिरावं लागत नाही. बसवरची पाटी, वीजबिल, रेशन दुकानाबाहेरचा फलक, सोसायटीच्या जिन्यात चिकटवलेली सूचना, सगळं डोळ्यासमोर असतं. अवघड असतं ते त्यावर प्रश्न काढणं. मोठ्या माणसांना जगाची भरपूर माहिती असते, त्यामुळे बरेच प्रश्न न वाचताही सुटतात आणि समोरच्याला वाचता येतं की नाही ते कळतच नाही.

आधी मजकूर ठरवा. तीसेक शब्द पुरेत. नेहमीच्या सूचनेच्या धर्तीवर वर्गासाठी तयार केलेला हा नमुना पाहा:

"जलवाहिनी दुरुस्तीच्या कामामुळे शनिवारी दिवसभर सिडको आणि सातपूर भागात पाणी येणार नाही. रविवारी सकाळी पाणी कमी दाबाने येईल. नागरिकांनी शुक्रवारीच पाणी भरून ठेवावे. पंचवटी भागात पाणी नेहमीप्रमाणे येईल."

तो ठळक आणि मोठ्या अक्षरात, ओळींत मोकळी जागा सोडून लिहा. चाळिशी उलटलेल्यांपैकी अनेकांना जवळचं बारीक दिसत नाही. कुणी कागद हातभर लांब धरला, तर वाचनाबद्दल काही ठरवण्याआधी चष्म्याची चौकशी करा.

आता प्रश्न काढा आणि प्रत्येकाला एक कसोटी लावा. मजकूर हाताने झाका आणि घरातल्या कुणालाही प्रश्न विचारा. झाकलेलं असूनही बरोबर उत्तर आलं, तर प्रश्न बाद. "पाणी जपून का वापरावं?" हा असाच बाद प्रश्न आहे. चर्चेला चांगला, वाचन तपासायला निरुपयोगी.

टिकतील असे चार प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे असे लावता येतात:

१. पाणी कोणत्या वारी येणार नाही? (शुक्रवारी / शनिवारी / रविवारी)
२. पाणी का येणार नाही? (धरणात पाणी कमी आहे / जलवाहिनीची दुरुस्ती आहे / वीज नाही)
३. रविवारी सकाळी नळाला धार कशी असेल? (नेहमीसारखी / बारीक / अजिबात नाही)
४. मावशी सातपूरला राहतात, त्यांची बहीण पंचवटीत. शनिवारी कुणाच्या घरी पाणी येईल?

पहिल्या प्रश्नात मजकुरातलेच शब्द ठेवले आहेत, म्हणजे नवशिक्यालाही जागा सापडते. तिन्ही वार मजकुरात आहेत, त्यामुळे "वार दिसला की तोच" असं चालत नाही. दुसऱ्या प्रश्नातला धरणाचा पर्याय मुद्दाम आहे. गंगापूर धरणातल्या पाण्याची चर्चा उन्हाळ्यात सगळ्यांनी ऐकलेली असते, म्हणून जो न वाचता अंदाज बांधतो तो बहुधा इथे सापडतो. तिसऱ्यात "कमी दाबाने"ऐवजी "बारीक धार" म्हटलं आहे, कारण अक्षरांचा आकार जुळवून उत्तर शोधणाऱ्याला हा प्रश्न सुटत नाही, अर्थ कळावाच लागतो. चौथ्याला दोन वाक्यं जोडावी लागतात. तो पर्याय न देता तोंडी विचारा.

उत्तर लिहायला लावू नका, पर्यायावर खूण करू द्या. ज्यांचा हात अजून लिहिण्याला सरावलेला नाही, त्यांना वाचता येत असूनही ते मागे पडलेले दिसतात. लेखनाची तपासणी वेगळी करा. केंद्र सरकारच्या उल्लास या प्रौढ साक्षरता कार्यक्रमातल्या चाचणीतही वाचन, लेखन आणि संख्याज्ञान असे वेगवेगळे भाग असतात, प्रत्येकी ५० गुणांचे.

तीन पर्याय असले की अंदाजानेही तीनपैकी एखादं उत्तर बरोबर येतं. म्हणून खूण झाली की विचारा, "मावशी, हे कुठं लिहिलंय? बोट ठेवा बरं." माझ्या मते सगळ्या तपासणीत हीच पायरी सर्वात मोलाची आहे. उत्तर बरोबर, पण बोट भलत्याच ओळीवर फिरतंय, तर तो अंदाज होता. बोट बरोबर "शनिवारी"वर, पण खूण "शुक्रवारी"वर, तर पहिलं अक्षर पाहून पुढचं मनाने धरलं जातंय. मग पुढच्या तासाला शनिवार आणि शुक्रवार फळ्यावर एकाखाली एक लिहा, "नि" आणि "क्र" स्वतंत्र वाचून घ्या. बोट आणि खूण दोन्ही बरोबर, फक्त चौथा प्रश्न अडला, तर अक्षरओळख पक्की आहे. तिथे एकेका वाक्यानंतर थांबून "यात काय कळलं?" एवढंच विचारत चला.

चुकलं तर सगळ्यांसमोर "चूक" म्हणू नका. मोठ्या माणसाला ते लागतं, आणि दुसऱ्या दिवशी जागा रिकामी दिसते. "परत एकदा ही ओळ वाचू या" म्हटलं की काम होतं.

आठवड्याने हीच सूचना पुन्हा द्या, पण वार आणि भाग बदलून: पाणी बुधवारी बंद, पंचवटीत बंद, सिडकोत चालू. कुणी जुनंच उत्तर दिलं, तर मागच्या वेळी मजकूर ऐकून पाठ झाला होता. त्यांच्यासाठी पुढच्या वेळी सूचना मोठ्याने वाचून दाखवण्याआधी कागद हातात द्या.