पफर जॅकेटचा फुगीरपणा चित्रकाराला कसा सांगावा

चित्रकारासाठी वर्णन लिहिताना नुसते ‘जाड जॅकेट’ म्हणण्याऐवजी आडव्या शिलाईंमधले कप्पे किती रुंद आहेत, हे आधी सांगावे. जाड जॅकेटला साधारण 7-8 सेंटिमीटरचे, हलक्याला 2-3 सेंटिमीटरचे कप्पे शोभतात. प्रत्येक कप्पा मध्यभागी सर्वाधिक फुगतो आणि शिलाईपाशी खोल जातो. तिथे शिलाईला काटकोनात बारीक चुण्या पडतात, आणि त्या राहून गेल्या तर कापडावर केवळ रेघा मारल्यासारखे दिसते. कोपराच्या आतल्या बाजूचे कप्पे दबलेले, तर बाह्या अंगापासून किंचित दूर राहिलेल्या, असे स्पष्ट लिहावे. स्की सूटला मात्र हे वर्णन सहसा लावू नये, कारण त्याचे बाहेरचे कापड सपाट व ताठ असते आणि त्याची जाडी गुडघ्यामागच्या मोजक्या, रुंद घड्यांतूनच कळते.