साबणाच्या मेकिंग व्हिडिओखाली काय लिहायचं?

मी घरी खोबरेल तेलाचा साबण बनवते, त्याच्या रीलखाली आधी "प्रेमाने बनवलेला, १०० टक्के नैसर्गिक" असं लिहायचे आणि लोक कमेंटमध्ये विचारायचे, ताई एवढा महाग का? मग लक्षात आलं की व्हिडिओत ओतणं दिसतं, कापणं दिसतं, पण थांबणं दिसतच नाही, तर कॅप्शनमध्ये तेच सांगायचं. आता पहिली ओळ अशी टाकते, कारण पुढचं सगळं more च्या मागे लपतं:

"हा साबण आज कापला, पण तुमच्या हातात येईल ५ आठवड्यांनी."

मग कारण, घरी आलेल्या पाहुण्यांना सांगावं तसं:

"आत्ता वडी मऊ आहे, लगेच वापरली तर भराभर विरघळेल, म्हणून रॅकवर सुट्या सुट्या मांडल्यात, आतलं पाणी हळूहळू उडेल, वडी घट्ट होईल आणि तुम्हाला जास्त दिवस पुरेल. या बॅचच्या ४० वड्या झाल्या, त्यातल्या दोन वाकड्या कापल्या गेल्या, त्या आम्हीच वापरू."

शेवटी फक्त बॅच तयार होण्याची तारीख. आणि हो, पिंपल्स किंवा एक्झिमा बरा होतो असं अजिबात लिहू नका, तो औषधाचा दावा होतो.