लाल रंगाने मथळा गिळला, त्याची गोष्ट

आकार, ठळकपणा आणि रंग वापरून नजरेला वाट दाखवायची, हे डिझाइनच्या शिकवणीत पहिल्याच आठवड्यात सांगतात. मलाही सांगितलं होतं. तरी माझं पहिलं खरं पोस्टर फसलं. ते नेमकं कुठे फसलं हे कळायला फार वेळ लागला, म्हणून तेवढंच सविस्तर लिहितो.

काम साधं होतं. A3 आकाराचं पोस्टर, मथळा ‘छायाचित्रण कार्यशाळा’. त्याखाली मुख्य मुद्दा, ‘नोंदणी १५ तारखेपर्यंत’. मग वेळ, जागा, काय शिकवणार याच्या चार ओळी आणि तळाला आयोजकांचं नाव. मी मथळा ४८ पॉइंट ठेवला, बोल्ड, गडद राखाडी. नोंदणीची ओळ ४४ पॉइंट, बोल्ड आणि भडक लाल, कारण ती चुकायला नको होती. आयोजकांचं नाव ४० पॉइंट बोल्ड, कारण त्यांनी तसं सांगितलं होतं. बाकी मजकूर २८.

पोस्टर लागल्यावर लोक येऊन विचारायला लागले, “१५ तारखेपर्यंत नोंदणी कशाची?” मथळा वर होता आणि सगळ्यांत मोठाही होता, पण तो कोणी आधी वाचतच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आणि मी जे करायला नको तेच केलं: मथळाही लाल केला. आता दोन लाल ओळी एकमेकींशी भांडायला लागल्या आणि नजर कुठेच ठरेना. म्हणून मथळा पुन्हा राखाडी केला.

इथेच बहुतेक नवखे अडकतात, म्हणून जरा थांबून सांगतो. रंग हा आकारासारखा पायरी-पायरीने चढत नाही. काळ्या-राखाडी मजकुरात एकच भडक ठिपका असला की वाचायच्या आधीच तो डोळ्यात भरतो, मग तो लहान असला तरी. माझ्या पोस्टरवर ४८ आणि ४४ यांतला फरक डोळ्याला जाणवतच नव्हता. आकाराची बाजू जवळजवळ बरोबरीत सुटली होती, ठळकपणा दोन्हीकडे सारखाच होता, म्हणजे निकाल एकट्या रंगाने लावला. आणि रंग मी दुसऱ्या नंबरच्या ओळीला दिला होता. मथळा हरणारच होता.

एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सल्ला दिला होता, “जे महत्त्वाचं ते ठळक कर.” माझ्या मते नवख्याला देण्याजोगा हा सर्वांत वाईट सल्ला आहे. काम देणाऱ्याच्या लेखी सगळंच महत्त्वाचं असतं. तुम्ही एकेक ओळ ठळक करत जाता, आणि शेवटी ठळक नसलेली ओळच उठून दिसते. मला खरी मदत दुसऱ्या बाईंनी केली. त्यांनी पोस्टर भिंतीला लावलं, मला लांब उभं केलं आणि म्हणाल्या, “डोळे बारीक कर. अक्षरं पुसट होऊ देत. आता पहिला डाग कुठला दिसतो?” लाल पट्टा दिसत होता. मथळ्याच्या जागी नुसता धुरकट राखाडी पट्टा होता. त्यांना पुढे काही बोलावं लागलं नाही.

मग मी फाईल पहिल्यापासून मांडली, आणि या वेळी क्रम ठरवून: आधी फक्त आकार, मग ठळकपणा, रंग सगळ्यांत शेवटी. पहिल्या फेरीत सगळं काळं आणि एकाच रेग्युलर वेटमध्ये, म्हणजे अक्षराच्या साध्या जाडीत, ठेवलं. मथळा ११० पॉइंट, दोन ओळींत. नोंदणीची ओळ ४४. बाकी सगळं २२, आयोजकांचं नावसुद्धा. म्हणजे प्रत्येक पायरी खालच्या पायरीच्या दुप्पट किंवा अडीचपट. हे प्रमाण काही शास्त्रवचन नाही, लहान कागदावर दीडपटीनेही भागतं. पण दोन पायऱ्यांत दहा-पंधरा टक्क्यांचाच फरक असेल तर तो हेतूने केलाय असं वाटत नाही, चूक वाटते. गंमत म्हणजे मुख्य ओळ मी वाढवलीच नव्हती, ती ४४ वरच राहिली. मथळा मोठा केला, बाकीच्यांना खाली बसवलं आणि ती आपोआप वर आली.

दुसरी फेरी ठळकपणाची. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे इंग्रजीत सगळी अक्षरं कॅपिटल करून जे साधतं ते आपल्याला वेटवरच साधावं लागतं. पण इथे एक खड्डा आहे. फॉन्टमध्ये बोल्ड वेट नसेल आणि तुम्ही बटण दाबून बोल्ड केलं, तर काही सॉफ्टवेअर अक्षराला नुसता जाड काठ चढवतं. मग ‘द्ध’, ‘क्ष’, ‘ण्ण’ यांच्या आतली पोकळी बुजते आणि लहान आकारात शब्दाचा गोळा होतो. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांसारखे फॉन्ट घ्या, त्यांत बरीच वेट्स मुळातच आखलेली आहेत. मी मथळ्याला बोल्ड दिलं, नोंदणीच्या ओळीला सेमीबोल्ड, बाकी रेग्युलर. एकाच आकारात दोन वेट्स निवडताना मधली एखादी पायरी गाळा. रेग्युलर आणि मीडियम शेजारी ठेवले तर फरक फक्त तुम्हालाच दिसेल.

आता पुन्हा डोळे बारीक केले. काळ्यातच क्रम लागला होता: मथळा, नोंदणी, मग बाकी. इथवर पोहोचलात तर घाबरू नका, अवघड काम संपलं.

रंग तिसऱ्या फेरीत, आणि एकाच ओळीला. नोंदणीची ओळ लाल केली, मथळा मात्र पुन्हा राखाडी न करता पूर्ण काळा ठेवला. मथळा इतका मोठा आणि जड झाला होता की लाल ओळ त्याला मागे टाकू शकली नाही. नजर आधी वर जाते आणि लगेच खाली लालवर उतरते. लाल छटाही बदलली. पांढऱ्यावर शुद्ध भडक लालचा, म्हणजे #FF0000 चा, कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि कागद यांच्या उजळपणातलं गुणोत्तर, जेमतेम ४ भरतो. साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ असावा असा वेबच्या सुलभता-नियमांचा दंडक आहे, मोठ्या अक्षरांना ३ चालतो. ४४ पॉइंटला नियमाने भडक लालही चालला असता, पण मी गडद #C62828 घेतला, कारण तीच छटा पुढे लहान हँडबिलावर वापरायची होती.

रंग शेवटी का, याचं उत्तर मला झेरॉक्सने दिलं. जुन्या पोस्टरची कोणीतरी काळी-पांढरी प्रत काढली होती. त्यात भडक लाल मधल्या राखाडीवर आला आणि मुख्य ओळ तळाच्या काळ्या मजकुरापेक्षाही फिकी पडली. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांपैकी काहींना लाल रंग काळपट दिसतो, त्यांच्यासाठीही लाल ओळ भोवतालच्या काळ्यातून उठून येत नाही. म्हणून फाईल देण्याआधी एकदा ग्रेस्केल करून बघाच. तिथे क्रम मोडला, तर रंग बदलत बसू नका, आकाराकडे परत जा.

तयार टेम्प्लेटबद्दल माझं मत कडक आहे. त्यातला नमुना मथळा दोन छोट्या शब्दांचा असतो. तुमचा सात शब्दांचा मथळा तिथे बसवायला तुम्ही आकार उतरवता, आणि सगळी उतरंड तिथेच ढासळते. टेम्प्लेट वापरायचंच असेल तर त्यातले आकडे वाचा, कुठली ओळ किती पॉइंट ते कागदावर लिहा, आणि मथळा लांब असेल तर त्याच्या ओळी वाढवा, पण आकार कमी करू नका.

आयोजकांनी नंतर त्यांचं नाव मोठं करायला सांगितलंच. मी ते २२ वरच ठेवलं, फक्त त्याच्या भोवती मोकळी जागा दुप्पट केली आणि नवी प्रत दाखवली. त्यांना नाव मोठं झाल्यासारखं वाटलं. पोस्टर तसंच छापायला गेलं.